अवगुस्ता पावलोव्ना आणि सहा विभक्ती

अवगुस्ता पावलोव्नाला तिच्या तोंडावर "तुमचं चुकलं" असं म्हणणारं माणूस आमच्या अख्ख्या वस्तीत नव्हतं. मी तिच्या शेजारच्या दारात राहते, वस्तीचं वाचनालय सांभाळते, आणि मीही ते कधी म्हटलं नाही. भित्री आहे मी, दुसरं काय. यारस्लाव्लच्या एकाच शाळेत तिनं हयातभर रशियन शिकवलं. निम्मी वस्ती तिच्या हाताखालून गेलेली. बसमध्ये ती चढली की चांगले टक्कल पडलेले पुरुष उठून जागा देत, आणि बसण्याआधी ती त्यांचा कोट नीट करायला सांगे.

निवृत्त झाल्यावर ती घरात बसणारी नव्हतीच. परदेशातून कामाला आलेल्यांसाठी वाचनालयात रशियनचा वर्ग काढायचं ठरलं, तेव्हा मी दुसऱ्या कुणाचं नाव काढायच्या आत ती हजर झाली.

"झोया, खोली कुठली देतेस? फळा मोठा हवा," ती म्हणाली.

"अवगुस्ता, यांना अक्षरं येतात तेवढीच. पहिल्या पातळीची परीक्षा द्यायची आहे फक्त."

"मी पहिलीच्या पोरांना शिकवलंय. मला पातळ्या नको शिकवूस."

वर्गात बहुतेक ताजिक बायका होत्या. त्यांत मेहरिनिसो होती. सुईसारखी बारीक, शर्ट शिवायच्या फॅक्टरीत कामाला. तिचा नवरा शोदमोन इथे कित्येक वर्षं घरांना गिलावा करतो, फाडफाड रशियन बोलतो. परीक्षा पास झाल्याचा दाखला मिळाला नाही तर मेहरिनिसोचे कामाचे कागद होणार नव्हते, फॅक्टरी तिला ठेवणार नव्हती, आणि मग तिला ताजिकिस्तानात, खुजंदला सासूकडे परत जावं लागणार होतं. हे सगळं शोदमोननं पहिल्याच दिवशी टोपी हातात धरून सांगितलं होतं.

"मुअल्लिमा, तुमच्या हवाली करतो," तो म्हणाला. त्यांच्याकडे बाईंना मुअल्लिमा म्हणतात. अवगुस्ताला ते भारी आवडलं.

आणि मग तिनं फळ्यावर तक्ता काढला. रशियनमध्ये विभक्ती सहा. आम्ही सगळे शाळेत ज्या क्रमानं त्या पाठ करतो तो क्रम कुणी झोपेतून उठवलं तरी सांगू: प्रथमा, षष्ठी, चतुर्थी, द्वितीया, तृतीया, आणि सगळ्यांत शेवटी सप्तमी. आम्हाला पाठ करायला काहीच जड जात नाही, कारण भाषा आधीच येत असते. तक्ता हा आमच्यासाठी नुसता हिशेब. अवगुस्तानं तोच तक्ता, एकवचन-अनेकवचनासकट, तिन्ही लिंगांत, त्या बायकांपुढे मांडला आणि म्हणाली, "पाठ करा."

बिचाऱ्यांनी केला. उभं राहून, एका सुरात. यारस्लाव्ल, यारस्लाव्ल्या, यारस्लाव्ल्यु, यारस्लाव्ल, यारस्लाव्लेम, अ यारस्लाव्ले. सप्तमी आमच्यात एकटी येत नाही, आधी 'अ' नाहीतर 'व' असं काहीतरी लागतं. मी पुस्तकं लावता लावता ऐकायची. अर्थ कुणाला विचारू नका, पण सूर पक्का होता. अवगुस्तानं आमच्याकडच्या रिवाजाप्रमाणे खुला पाठही ठेवला, जुन्या सहकारी शिक्षिकांना बोलावून. मेहरिनिसोनं घडाघडा पाच शब्द चालवून दाखवले. पाहुण्या बायकांनी टाळ्या वाजवल्या, केक कापला गेला. कुणीही मेहरिनिसोला एक साधा प्रश्न विचारला नाही. मीसुद्धा नाही.

परीक्षेत ती नापास झाली. लेखी तिनं कसंबसं निभावलं होतं, पण तोंडी परीक्षेत गारद. निकाल घेऊन शोदमोन वाचनालयात आला, मागे मेहरिनिसो, रुमाल कपाळापर्यंत ओढलेला.

"मुअल्लिमा, असं कसं झालं? रात्रंदिवस पाठ करत होती. चूल पेटवतानासुद्धा."

आता इथे अवगुस्तानं 'माझं चुकलं असेल' एवढं एक वाक्य बोलायला हवं होतं, आणि ते तिला बोलता आलं नाही. आयुष्यात त्याची सवयच नव्हती. तिनं चष्मा काढून पुसला आणि शोदमोनकडे बघून, मेहरिनिसो जणू तिथे नाहीच अशा थाटात म्हणाली, "मी माझ्याकडून कसर ठेवली नाही. पण हिच्या डोक्यात शिरत नाही, शोदमोन. सगळ्यांच्याच शिरतं असं नाही. वाईट नका वाटून घेऊ."

शोदमोननं मान हलवली. "तर मग उगाच खर्च कशाला? आईकडे पाठवून देतो. महिनाअखेर."

मेहरिनिसो जमिनीकडे बघत होती. मला वाटलं, बरं झालं, निदान तिला काही कळलं नाही.

दोन-चार दिवसांनी ती एकटीच आली, राहिलेली पुस्तकं परत द्यायला. अवगुस्ता तिथेच बसली होती. काहीतरी बोलावं म्हणून तिनं अगदी सहज विचारलं, "मेहरिनिसो, तू राहतेस कुठे गं, नदीच्या पलीकडे का?"

मेहरिनिसो ताठ उभी राहिली. तिचे ओठ हलायला लागले. हात टेबलाखाली होता, पण माझ्या बाजूनं मला दिसत होता, आणि अवगुस्ता वाकली तेव्हा तिलाही दिसला. अंगठा. मग दुसरं बोट. यारस्लाव्ल, यारस्लाव्ल्या, यारस्लाव्ल्यु... एका हाताची पाच बोटं संपली, मग दुसऱ्या हाताचा अंगठा वर आला. तेव्हा कुठे ती म्हणाली, "व यारस्लाव्ले." म्हणजे यारस्लाव्लमध्ये.

विभक्ती अगदी बरोबर होती. पण तोवर कुठल्या परीक्षकानं वाट बघितली असती? माणसाला परक्या गावात पहिला प्रश्न विचारतात तो हाच, कुठे राहता, कुठे काम करता. त्याला लागते ती सप्तमी, आणि अवगुस्तानं ती जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर ठेवली होती. प्रत्येक वेळी ही बाई तळापासून चढून येत होती.

अवगुस्ता लालबुंद झाली. मानेपर्यंत. तिनं कोट घातला आणि निघून गेली. मेहरिनिसो घाबरून मला म्हणाली, "माझं चुकलं?" मी म्हटलं, "नाही बाई."

दुसऱ्या दिवशी अवगुस्ता मला घेऊन वेनियामिनकडे गेली. तिचा जुना विद्यार्थी. शाळेत तिनं त्याला कधी काठावरच्या वर गुण दिले नाहीत, आणि आता तो परदेशी मुलांना रशियन शिकवतो. पोट सुटलेला, हसरा माणूस. तिला बघून तो सवयीनं उभाच राहिला.

"बस, वेन्या. आज मी शिकायला आलेय," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला केवढा वेळ लागला!

त्यानं चेष्टा केली असती तरी चाललं असतं. त्यानं केली नाही, आणि तेच तिला जास्त लागलं.

"तुमचा तक्ता खोटा नाही, अवगुस्ता पावलोव्ना," तो म्हणाला. "फक्त तो आपल्या पोरांसाठी आहे. यांच्यासाठी एका वेळी एकच विभक्ती, आणि बोलताना जिचं काम पडतं ती आधी. सुरुवातीला नुसती प्रथमा, हा पुरुषी शब्द, हा बायकी, हा मधला, शेवटच्या अक्षरावरून ओळखायचं. मग लगेच सप्तमी. कुठे? बहुतेक शब्दांना शेवटी एक 'ए' लावला की झालं, आणि माणूस पत्ता सांगायला लागतो."

"मग?"

"मग द्वितीया. काय वाचते, काय घेते, कुठे निघाली. वस्तूंच्या पुरुषी शब्दांना काहीच होत नाही, बायकी 'आ'चा 'उ' होतो. शाळेत आहे ते व श्कोले, शाळेत जाते ते व श्कोलु. शेजारी शेजारी ठेवा, आपोआप कळतं. त्यानंतर षष्ठी. कुणाचं, कुठून आली, काय नाही. षष्ठी झाली की मगच भावाला बघते, नवऱ्याला बघते, कारण माणसांच्या पुरुषी शब्दांची द्वितीया षष्ठीसारखीच होते. ते आधी शिकवलं तर गोंधळ. मग चतुर्थी, कुणाला दिलं, आणि वय किती. शेवटी तृतीया, कुणाबरोबर राहते, काम काय करते. अनेकवचन नंतर, हळूहळू."

अवगुस्ता म्हणाली, "शाळेत तू असे प्रश्न विचारायचास, कुठे वापरायचं म्हणून. मी तुला खाली बसवायची."

"विसरा हो," वेन्या म्हणाला. तो विसरला असेलही. ती विसरणार नव्हती.

त्याच संध्याकाळी आम्ही शोदमोनच्या घरी गेलो. भिंतीला लागून बॅग भरून ठेवलेली. त्यानं चहा ओतला, रोटी मोडून पुढे ठेवली. अवगुस्तानं कशाला हात लावला नाही. ती उभी राहिली, फळ्याजवळ उत्तर न आलेलं पोर उभं राहतं तशी.

"शोदमोन, मी तुम्हाला खोटं सांगितलं. हिच्या डोक्यात सगळं शिरतं. मी चुकीच्या क्रमानं कोंबलं. नापास मी झाले. हिला पाठवू नका. मला पुढच्या परीक्षेपर्यंत वेळ द्या."

शोदमोननं पेला खाली ठेवला. "मुअल्लिमा, मी गावाकडे फोन करून सांगितलंय की हिला जमत नाही. सगळ्यांना माहीत झालंय."

"मग परत फोन करा. माझं नाव सांगा."

"आणि परत नापास झाली तर?"

"तरी माझंच नाव सांगा."

मेहरिनिसो दारात उभी होती. बॅग तशीच भरलेली राहिली, पण महिनाअखेर कुणी गेलं नाही.

मग वर्ग पहिल्यापासून सुरू झाला. अवगुस्तानं फळ्यावर तक्ता काढला नाही. एक विभक्ती, तिच्यावर गप्पा, बाजार, बस, फॅक्टरी, आणि त्या बायका खरंच बोलायला लागल्या की मगच दुसरी. घाई झाली की तिचा हात खडूकडे जायचा, ती तो मागे घ्यायची. मी बघत होते. त्या वयात स्वतःला असं मोडणं सोपं नसतं, हे मी तिच्या बाजूनं म्हणेन. बाकी तिच्या बाजूनं फारसं म्हणण्यासारखं नाही.

मेहरिनिसो पास झाली. दाखला घेऊन ती वाचनालयात आली, बरोबर शोदमोन, हातात सामोशांची परात आणि फुलं, आमच्या पद्धतीनं विषम आकड्यात. शोदमोन सगळ्यांना सांगत सुटला होता. कुठे राहता म्हटल्याबरोबर उत्तर. कुणाबरोबर म्हटल्याबरोबर उत्तर. परीक्षक बाई हसल्या म्हणे.

अवगुस्तानं हात पुढे केले. मेहरिनिसोनं फुलं दिली, पण मिठीत गेली नाही. तिनं सावकाश, एकही बोट न मोजता रशियनमध्ये सांगितलं, "अवगुस्ता पावलोव्ना, तुम्ही मला चांगलं शिकवलंत. धन्यवाद. पण त्या दिवशी, इथे, तुम्ही माझ्या नवऱ्याला म्हणालात, हिच्या डोक्यात शिरत नाही. मला तेव्हा बोलता येत नव्हतं. समजत सगळं होतं."

मग तिनं परात उचलली आणि सगळ्यांना सामोसे वाटायला लागली. पहिला अवगुस्तालाच दिला. अवगुस्ता तो हातात धरून तशीच उभी राहिली, आणि मीही कुठे बघावं ते न कळून पुस्तकांकडे वळले.