टहरौलीकडचा टॉवर

टहरौलीच्या पुढे एका गावाबाहेर मोबाइलचा टॉवर होता. टॉवर तिसऱ्याच कंपनीचा, त्यावर भाडेकरू दोन: आम्ही आणि आमचे प्रतिस्पर्धी. मी झाशीत आमच्या नेटवर्कचं नियोजन बघायचो. त्यांच्याकडे तेच काम करणारा माझा मित्र. जनरेटरचं डिझेल संपलं की आम्ही एकमेकांना कळवायचो. मात्र कोणता टॉवर सोडणार, हे सांगायची मनाई होती. मीही मोठा नियमाचा पुतळा!

लिलावात आमच्या कंपनीने महागडं स्पेक्ट्रम घेतलं. त्याचे हप्ते वर्षानुवर्षं फेडायचे होते. शिवाय या नव्या लहरी लांब पोहोचत नाहीत, म्हणून शहरात जवळजवळ यंत्रं बसवायची. वरून हुकूम आला: आधी शहरात फाइव्ह-जी, खेड्यातल्या कमी कमाईच्या जागा सोडा. रिचार्जही महागलं. यादी मी केली आणि हा टॉवर त्यात घातला.

गावातल्या आशाताई, बाळंतिणींसाठी ॲम्ब्युलन्स बोलावणाऱ्या, मला ओळखत. मनाला टोचत होतं, म्हणून मी कारण न सांगता त्यांना म्हटलं, "दीदी, दूसरी कंपनी का सिम ले लो। नंबर वही रहेगा।" त्यांनी लगेच घेतलं. माझं ओझं उतरलं. काय पण शहाणपण!

आम्ही यंत्रं उतरवली आणि काही महिन्यांत मित्राच्या कंपनीनेही गाशा गुंडाळला. झाशीतल्या प्रेम नगरच्या चहाच्या टपरीवर मी त्याच्यावर उखडलो, तर तो म्हणाला:

"तुम निकले तो सस्ते किराए वाली शर्त खत्म। अकेले का किराया बढ़ गया, साइट घाटे में। हम क्यों रुकते?"

"बताया क्यों नहीं?"

"तुमने बताया था?"

दोघे असले की भाडं कमी, एक गेला की उरलेल्याचं वाढतं, हे मला तोंडपाठ होतं. नव्या पोरांना मीच शिकवायचो. नेमकं आशाताईंना सिम सुचवताना ते आठवलं नाही, याची आजही लाज वाटते.

पुढे मी मुद्दाम त्या गावी गेलो. दोन्ही कंपन्यांचे जवळचे टॉवर टेकडीपलीकडे. गावात फोनवर सिग्नलची एकही काडी दिसेना. आशाताई भेटल्या. एका बाईच्या कळा सुरू झाल्यावर त्या फोन लागावा म्हणून सडकेपर्यंत धावल्या होत्या. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत बाळंतपण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतच झालं.

"जच्चा-बच्चा दोऊ ठीक हैं," त्या म्हणाल्या. बाळ-बाळंतीण सुखरूप, असा धीर त्या मलाच देत होत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग पिशवीतून फोन काढून त्यांनी माझ्यापुढे धरला. अजून त्यांचा माझ्यावर विश्वास होता.

"अब कौन कंपनी को सिम लें, भैया?"