लाइन ठीक होती

बेळ्ळंदूरच्या फ्लॅटमध्ये मी एकटाच राहतो. बेडरूममधल्या मोठ्या कॉम्प्युटरवर हॉलमधल्या लॅपटॉपवरून रिमोटने काम करायचो. त्या आठवड्यात माउस हलवला, की बाण दोन सेकंदांनी हलायचा. इंटरनेटवाल्याला मी दोनदा बोलावलं, झाप झाप झापलं आणि वर चहाही पाजला. तो बिचारा आपल्या कानडी वळणाच्या मराठीत एकच सांगायचा, "सर, लाइन सरी आहे." सरी म्हणजे ठीक.

शनिवारी तो तिसऱ्यांदा येणार होता. त्याच्या तोंडावर मारायला पुरावा हवा, म्हणून मी कॉम्प्युटरवर आयपर्फ या वेग मोजायच्या प्रोग्रामचा सर्व्हर चालू केला आणि लॅपटॉपवरून दोघांमधला वेग मोजला. जेमतेम चार एमबीपीएस! मग डोक्यात प्रकाश पडला: हे मोजमाप घरातल्या घरात होतं, बाहेरच्या लाइनचा इथे संबंधच नव्हता. कॉम्प्युटरचं वायफाय बंद करून राउटरची केबल लावली, पुन्हा मोजलं. तीनशेच्या वर. बाणही हाताबरोबर पळू लागला.

फोन करून त्याला सांगितलं, चूक माझीच होती, आता येऊ नका.

"सरी, सर," म्हणून त्याने फोन ठेवला.

महिन्याभरात माझ्या घरी आलेला तो एकमेव माणूस. ओट्यावर मी दोन कप आधीच काढून ठेवले होते.