तक्त्यातली एक ओळ

नाशकात कॉलेज रोडवरच्या दोन खोल्यांत आमची कंपनी होती. मालक माझा कॉलेजपासूनचा मित्र, मी एकटी डिझायनर. छोट्या पैठणीवाल्यांसाठी ऑर्डरी, गिऱ्हाइकं आणि नक्ष्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर आम्ही वर्गणीवर देत होतो.

किमतींचं पान मी मोठ्या हौसेनं केलं. वर तीन प्लॅनची कार्डं, महिना की वर्ष ते निवडायचं बटण, खाली तुलनेचा तक्ता. मोबाइलवर तीन रकाने मावेनात, म्हणून सुविधेची नावं डावीकडे खिळवून ठेवली आणि प्लॅन सरकते केले. मग ते पान घेऊन येवल्याला एका विणकर बाईंकडे गेले. नक्षीसाठी आलेखाच्या कागदावरचे चौकोन मोजण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी तक्ताही तसाच वाचला, एकेक घर बोटानं दाबत. एका ओळीवर बोट थांबलं. उद्या हे सोडून जायचं झालं तर यात भरलेलं माझं लिखाण मला परत मिळेल का, असं त्यांनी विचारलं. मी ती ‘सगळी माहिती उतरवून घ्या’ची ओळ तक्त्यात सर्वांत वर नेली आणि तिन्ही प्लॅनमध्ये बरोबरची खूण केली. मित्रानंही मान डोलावली. बाईंनी सर्वांत छोटा प्लॅन घेतला. त्यांचा फोटो आणि ‘माझं लिखाण माझ्याच हातात’ हे वाक्य मी तक्त्याखाली लावलं.

काही महिन्यांनी त्यांचा फोन आला. प्रदर्शनासाठी गिऱ्हाइकांची यादी उतरवायला गेल्या, तर स्क्रीनवर ‘मोठा प्लॅन घ्या’ अशी पाटी आली होती.

मी पान उघडलं. ती ओळ तळाला गेली होती. छोट्या प्लॅनच्या घरात खूण नव्हती, फिकट आडवी रेघ होती. रेघ माझ्याच डिझाइनच्या फाइलमधली, रंगही माझाच. मला कोणी विचारलं नव्हतं, सांगितलंही नव्हतं.

मित्राला जाब विचारला. तो शांतपणे म्हणाला, लोक त्याच सुविधेसाठी वरचा प्लॅन घेतील. मग निदान बाईंचा फोटो तरी काढ, म्हटलं. त्यावर तो म्हणाला, “अगं, लोक तिथंच तर थांबतात. तुझं पान चाललंय, आणखी काय हवंय?”

इतक्या वर्षांची मैत्री. माझा संताप झाला, आणि त्याहून जास्त लाज वाटली. त्यानं मला फसवलं होतं, पण त्या बाईंना फसवायला माझंच पान वापरलं होतं.

संध्याकाळी मी त्यांना फोन केला. मला यातलं काही माहीत नव्हतं, असं सांगितलं. त्यांनी विचारलं,

“ताई, पान म्या केलंय, असं तुम्हीच म्हनला होता ना?”

म्हटलं होतं. त्यांच्या मागाशेजारी बसून, चांगलं अभिमानानं.