पाच वाजता, जिन्यातल्या खुर्चीवर

दादा त्याच्या मुलीकडे, म्हणजे माझ्या भाचीकडे, नाशिकला राहायला गेला, तेव्हापासून लालबागच्या घरात मी एकटी आहे. आमची जुनी चाळ पाडून तिथे टॉवर उभा राहिला, त्यातलं सोळाव्या मजल्यावरचं हे घर. लग्न मी केलं नाही. दादाची बायको लवकर गेली. मुलगी सासरी गेल्यावर आम्ही भाऊबहीणच या घरात राहिलो. मग त्याच्या हृदयाचं दुखणं निघालं, आणि भाची म्हणाली की बाबा आता माझ्याजवळच बरे. तिचं बरोबरच होतं.

तो गेला आणि माझ्या डोक्यात 'झालं तर'ची रांग लागली. दादाने गोळी घेतली नसली तर? भाची कामावर असताना त्याच्या छातीत दुखलं तर? मी बाथरूममध्ये पडले तर कुणाला कधी कळेल? दादरला भाजी घ्यायला निघायचे आणि अर्ध्या वाटेवरून परत यायचे, कारण गॅस चालू राहिला असला तर? गॅस बंदच असायचा. दादाला दिवसभर फोन करायचे. शेवटी भाचीने हळूच सांगितलं, "आत्या, तुझ्या फोनने बाबाच घाबरतात गं. त्यांना वाटतं, तुलाच काहीतरी झालंय."

ते बोलणं मला फार लागलं. पण त्यामुळेच मी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात मानसोपचाराच्या ओपीडीत गेले. डॉक्टरांनी तपासलं आणि समुपदेशनाला पाठवलं. तिथल्या मॅडम वयाने भाचीएवढ्या होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्या म्हणाल्या, "काळजी करू नका असं मी सांगणार नाही. करा, पण दिवसातून एकदाच, ठरवलेल्या वेळी."

मला वाटलं, चेष्टा करतायत. पण त्यांनी नीट समजावलं. रोज एकच वेळ, एकच जागा, वीस मिनिटं. झोपायच्या आधी नको आणि अंथरुणावर तर नकोच. इतर वेळी काळजी आली की तिला हुसकवायला जायचं नाही. कागदावर एखाद्या शब्दात टिपून ठेवायची, 'तुझं संध्याकाळी बघते' म्हणायचं आणि हातातल्या कामाकडे वळायचं. वेळ झाली की एकेक बघायची. जिच्यावर काही करता येईल तिच्यासाठी पुढचं छोटं पाऊल ठरवायचं. जिच्यावर काहीच करता येत नाही ती तशीच राहू द्यायची. वेळ संपली की उठायचं आणि दुसऱ्या कामाला लागायचं.

मी पाचची वेळ धरली. घरात नको वाटलं, म्हणून प्लास्टिकची खुर्ची जिन्याच्या वळणावर खिडकीपाशी नेली. आमच्याकडे सगळे लिफ्टनेच जातात, जिन्यात कुणी येत नाही. चाळीत असते तर अशी बसल्यावर दहाजणींनी विचारलं असतं. इथे वीस मिनिटं नुसती खुर्चीत बसलेली बाई कुणाच्या दृष्टीसही पडत नव्हती.

पहिले काही दिवस वाईट गेले. सकाळी टिपलेली काळजी दुपारी पुन्हा यायची, मी पुन्हा तेच सांगायचे. मॅडम म्हणाल्या होत्या की असंच होतं, मन लगेच ऐकत नाही. पण हळूहळू फरक पडला. सकाळी जीव खाणारी गोष्ट पाच वाजता वाचली की तिच्यात जोर उरलेला नसायचा. बाथरूममधल्या पडण्यावर तर उपायच निघाला. भिंतीला धरायला दांडा बसवून घेतला आणि खालच्या मजल्यावरच्या डिकॉस्टा बाईंकडे घराची एक किल्ली दिली. दादाला फोन फक्त संध्याकाळी, एकदा.

मग तो दिवस आला. सकाळी मेथी निवडत होते. मनात आलं, दादाला काही झालं असलं तर? नेहमीसारखं 'दादा' एवढं टिपलं आणि पुन्हा मेथी निवडायला लागले. दुपारी भाचीचा फोन. सकाळीच दादाच्या छातीत कळ आली होती. हॉस्पिटलात नेऊन अँजिओप्लास्टी केली, आता धोका नव्हता. "तुला कळवायला वेळच मिळाला नाही," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दादरहून बस धरून नाशिक गाठलं. दादा उशीला टेकून बसला होता. मला बघून म्हणाला, "जेवलंस काय गो?" आठवडाभर राहिले. भाचीचं घर छान आवरलेलं होतं, गोळ्यांचे डबे जागच्या जागी होते. तिथे मला करण्यासारखं काही नव्हतं.

परत आल्यावर मी रागानेच मॅडमकडे गेले. म्हटलं, महिनोन् महिने मी काळजी केली तेव्हा त्याला काही झालं नाही. तुमचं ऐकून ती पुढे ढकलायला लागले आणि नेमकं तेव्हाच झालं.

त्यांनी विचारलं, "म्हणजे तुमच्या काळजीने ते आजवर सांभाळले जात होते, असं वाटतं तुम्हाला?"

हो, असंच वाटत होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकेपर्यंत मला ते ठाऊक नव्हतं. मी मान हलवली आणि मला रडू आलं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. नंतर त्यांनी सांगितलं की पुढे ढकलायची ती नुसती विचारांची घोकणी, हातातलं काम नव्हे. दादाला दुखतंय असा फोन आला असता तर तिथल्या तिथे धावायचंच होतं. पण त्या सकाळी माझ्याकडे फोन नव्हता, फक्त विचार होता. "मेथी टाकून दिवसभर घोकत बसला असता, तर नाशिकमध्ये काय बदललं असतं?" त्यांनी विचारलं. काहीच नाही, मी म्हटलं. ते म्हणताना हलकं वाटायला हवं होतं. मला मात्र त्याच्यासाठी करण्यासारखं जे शेवटचं उरलं होतं, तेही काढून घेतल्यासारखं वाटलं.

हेही मी त्यांना सांगितलं. काळज्या कमी झाल्यापासून घर फार मोठं वाटतं, म्हटलं. त्या म्हणाल्या, "ही काळजी नाही. भावाची आठवण आहे. तिला वेळ ठरवून द्यायची गरज नाही."

दादा आता बरा आहे, पण मुंबईला परत येणार नाही. ते त्यानेच मला सांगितलं, एका संध्याकाळच्या फोनवर, बांगडे महाग झाल्याचं बोलता बोलता. मी बरं म्हटलं. त्याची खाट गणपतीनंतर विकायची ठरवली होती, अजून विकलेली नाही.

पाच वाजता मी अजून बसते. काही दिवशी कागदावर दोन शब्द असतात, काही दिवशी एकही नसतो. मॅडम म्हणाल्या होत्या, कागद कोरा असला तर बसायची सक्ती नाही. तरी मी बसते. वेळ संपली की खुर्ची आत घेते आणि जिन्याने एक मजला खाली उतरते. कधी किल्लीवाल्या बाई दारात भेटल्या तर तब्येत विचारतात. नाही भेटल्या तर बाजारापर्यंत एकटीच चालून येते, आणि एकटीपुरती भाजी घेते.