टाचणीबाई पळाल्या नाहीत

शाळा उघडायच्या आधीच्या आठवड्यात गणवेशाच्या त्या दुकानात मुंगीला शिरायला वाव नसतो. आया पिशव्या सांभाळतात, पोरं काउंटरखालून पळतात, वडील मंडळी दारात उभी राहून "झालं का?" एवढंच विचारतात. या सगळ्या गोंधळात मागच्या बाजूला एक लाकडी स्टूल असतं आणि त्या स्टुलाशी गुडघे टेकून टाचणीबाई बसलेल्या असतात. मुलींचे स्कर्ट दुकानात खालची शिवण न मारताच येतात. मुलगी स्टुलावर चढते, बाई घेर दुमडून टाचण्या लावतात, आणि स्कर्ट पडद्यामागे मशीनवाल्या काकांकडे जातो.

त्यांचं खरं नाव मालकांनाही आठवून सांगावं लागतं. ओठांत कायम टाचण्या धरलेल्या, म्हणून टाचणीबाई. बाईंशी भांडायचं असेल तर आधी त्यांचं तोंड रिकामं व्हायची वाट बघावी लागते, असं मालक म्हणायचे. बाईही हसायच्या, टाचण्या न सांडता.

तीन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी गेली. तिला घरात गुंडी म्हणायचे. नऊ वर्षांची होती. साधा ताप म्हणून घरगुती औषध झालं, मग गल्लीतला डॉक्टर झाला, मग मोठं हॉस्पिटल, आणि तिथून नवरा-बायको दोघंच परत आले. लोक म्हणाले, कामाला लागा, बरं वाटेल. लोकांचं काय जातं म्हणायला. नवरा कारखान्यात जास्तीची पाळी करू लागला आणि बाई पुन्हा स्टुलाशी येऊन बसल्या, कारण घरातल्या शांततेपेक्षा दुसऱ्यांच्या पोरांचा गोंगाट परवडला.

मग ते सुरू झालं. पहिल्यांदा बाजारात, ऐन गर्दीत. छातीवर कुणी बसल्यासारखं झालं, बोटांना मुंग्या आल्या, कान बंद झाले आणि आपण आता मरणार याची खात्रीच पटली. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, तपासलं, हृदय ठणठणीत निघालं. बाईंना उलट लाजच वाटली. दुखणं निघालं असतं तर निदान घरी सांगता तरी आलं असतं.

तिथल्या वयस्क सिस्टरने त्यांना बाजूला बसवून घेतलं. "अगं, हे खोटं नाही. पण याने माणूस मरत नाही," ती म्हणाली. "हे चढतं, माथ्यावर जातं आणि आपसूक उतरतं. तू मध्येच पळालीस की मनाला वाटतं, पळाले म्हणून वाचले. मग पुढच्या वेळी ते तुला आणखी लवकर पळवतं. पाय जमिनीला टेकव. समोर काय दिसतंय, हाताला काय लागतंय, कानावर काय पडतंय, ते एकेक नावाने म्हण. आणि श्वास ओढत बसू नकोस, सोड. सावकाश सोड."

ऐकताना सगळं पटलं होतं. पण गेल्या वर्षी शाळेच्या हंगामात बाई दोनदा पळाल्या. एकदा तर एक मुलगी अर्ध्या टाचलेल्या स्कर्टात स्टुलावर तशीच उभी राहिली आणि तिची आई दुकान डोक्यावर घेऊन बसली. मालक माणूस वाईट नव्हता. "बाई, पुन्हा असं झालं तर या दिवसांत तुम्ही घरीच थांबा. मला दुसरी बाई बघावी लागेल," ते म्हणाले होते. घरी थांबायचं या एका विचाराने बाईंना धडकी भरायची.

आज दुपारी एक उंच मुलगी स्टुलावर चढली. रांग दारापर्यंत गेली होती. बाईंनी वर पाहिलंच नाही. कंबरेपासून पट्टी लावली, घेर दुमडला, भराभरा टाचण्या लावत सगळं वळण पूर्ण करत आणलं.

"अहो ताई, हा केवढा आखूड केलात?" मुलीची आई म्हणाली. "ही काय चौथीत आहे?"

बाईंनी पाहिलं. शाळेचा नियम गुडघ्याखाली चार बोटं. दुमड गुडघ्याच्या चांगली वर गेली होती. पट्टी हातात होती, पण माप पट्टीचं नव्हतं. हे माप कुणाचं, ते त्यांच्या हातांना पाठ होतं. नऊ वर्षांच्या मुलीचा स्कर्ट त्यांनी या मुलीला टाचला होता.

झालं. छाती आवळली. रांगेचा आवाज लांब गेला, बोटं बधिर झाली. पडद्याशेजारचं मागचं दार दोन पावलांवर होतं. त्यांनी तोंड उघडून मोठा श्वास घ्यायचा प्रयत्न केला आणि ओठांतली टाचणी आत सरकून जिभेला टोचली.

त्या टोचण्यानेच त्या थबकल्या. तोंडात टाचण्या आहेत. असा श्वास ओढला तर घशात जातील. आधी या काढायला हव्यात.

मनगटावर टाचण्या खोचायची लहानशी गादी बांधलेली होती. बाईंनी एक टाचणी ओठांतून काढली आणि त्या गादीत खोचली. पहिली टाचणी वाकडी गेली. दुसरी काढली. टाचणीचं डोकं गार आहे, त्या मनात म्हणाल्या. टोक टोचरं आहे. गुडघ्याखाली फरशी आहे, कडक आहे. प्रत्येक टाचणीसरशी श्वास सुटत होता, कारण टाचणी काढताना श्वास ओढायची हिंमतच नव्हती. समोर निळं कापड. स्टुलाचा एक पाय झिजलाय. पडद्यामागे मशीन चालू आहे, थांबली, पुन्हा चालू झाली. लाट उतरली नव्हती. उलट वर चढली, आणि बाईंना वाटलं, आता नाही जमत. मालकांनी काउंटरवरून मान उंचावली. बाईंनी आणखी एक टाचणी काढली.

"आटपा ना," मागून कुणीतरी म्हणालं.

तोंड रिकामं झालं तेव्हा बाईंनी दोन्ही तळवे फरशीवर टेकवले. फरशी गार होती. आणि मग केव्हातरी, कुणी सांगितल्याशिवाय, छातीवरचं ओझं थोडं सरकलं. बोटांना कापड कापडासारखं लागू लागलं. सिस्टर खरं बोलली होती, उतरतं.

पण सिस्टरने एक सांगितलं नव्हतं. भीती उतरल्यावर खाली काय उरतं, ते. खाली गुंडी होती. तीन वर्षं बाई ज्या दारातून पळत होत्या, ते बहुतेक तिच्यापासूनच पळायचं दार होतं. आता त्या बसून राहिल्या होत्या आणि डोळ्यांतून पाणी गळत होतं, साधं, न थांबणारं. त्यांनी ते पुसलंही नाही.

"काकू, तुम्हाला बरं नाही का?" स्टुलावरच्या मुलीने वाकून विचारलं.

"बरी आहे मी. नीट उभी राहा बाळा." बाईंनी चुकीच्या टाचण्या सोडवल्या, दुमड खाली ओढली. आणखी खाली. गुडघा कुठे येतो ते आज पहिल्यांदा त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. "कितवीत गं तू?"

"सातवीत जाणार."

"माझीही सातवीतच गेली असती," बाई म्हणाल्या.

तिच्या आईने मुलीच्या पाठीवरचा हात काढून घेतला, मग पुन्हा ठेवला. रांगेतली कुरकुर चालूच होती; तिथपर्यंत हे काही पोचलं नव्हतं. मालक अर्धवट उठले होते, ते परत बसले.

बाईंनी गुडघ्याखाली चार बोटं धरली आणि टाचण्या लावत गेल्या. एवढी उंच झाली असती. इथवर आली असती. तीन वर्षांत मुली इतक्या वाढतात, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असायला हवं होतं, आणि आपल्या पोरीच्या बाबतीत त्यांनी ते एकदाही मोजलं नव्हतं.

घेर पूर्ण झाला. स्कर्ट काढून काकांकडे द्यायचा, दुसरी मुलगी चढवायची.

"काकू, उतरू?"

"थांब जरा," टाचणीबाई म्हणाल्या. "अजून थोडा वेळ उभी राहा."