अ तुकडी, ब तुकडी

धाकट्या जावेचा मला मत्सर वाटतो. हे मी लपवत नाही, घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तिलाही. ती लग्न होऊन पनवेलहून श्रीवर्धनला आली तेव्हा सोबत कॉम्प्युटरचा कोर्स घेऊन आली आणि सहा महिन्यांत आमच्या स्टुडिओत तिची खुर्ची माझ्या खुर्चीपेक्षा मोठी झाली. सासऱ्यांनी मला कॅमेरा हातात धरायला शिकवलं होतं. गावातल्या निम्म्या लग्नांचे फोटो माझे. पण आता गिऱ्हाईक दारातून आत आलं की विचारतं, "मॅडम हायत का?" आणि मॅडम म्हणजे ती.

गेल्या वर्षी शाळेने पहिल्यांदाच दहावीचं स्मरणपुस्तक काढायचं ठरवलं. प्रत्येक मुलाचा चेहरा, खाली नाव आणि दोन ओळी. मुख्याध्यापिका स्वतः स्टुडिओत आल्या. म्हणाल्या, "सगळे फोटो एकसारखे हवेत. एकाचं डोकं मोठं, एकाचं लहान, एकाच्या मागे निळं, एकाच्या मागे पांढरं, असं नको. पान उघडलं की एक वर्ग दिसायला हवा." सराव परीक्षा तोंडावर होती, म्हणून एकाच सकाळी दोन्ही तुकड्या उरकायच्या ठरल्या. अ तुकडी माझी, ब तुकडी जावेची. जिचं काम आवडेल तिच्याकडे पुढल्या वर्षीपासून शाळेचं सगळं काम. हे त्या सहज बोलून गेल्या, पण मी आणि जाऊ, दोघींनीही एकमेकींकडे बघायचं टाळलं.

माझी मुलगी ब तुकडीत होती. म्हणजे तिचा फोटो काकी काढणार.

शाळेच्या सभागृहात दोन टोकांना दोघींनी राखाडी पडदे लावले. जावेचं सगळं पद्धतशीर. जमिनीवर चिकटपट्टी लावून स्टुलाची जागा पक्की केली, स्टूल पडद्यापासून चांगलं पुढे ओढलं म्हणजे सावली पडद्यावर पडणार नाही. कॅमेरा तिपाईवर. पहिल्या मुलाच्या हातात राखाडी कार्ड देऊन रंग आणि उजेड एकदा ठरवला, आणि मग कॅमेऱ्याच्या एकाही बटणाला हात लावला नाही. मुलगा उंच असला की स्टूल खाली, बुटका असला की वर. डोळे सगळ्यांचे एकाच रेषेवर. मी लांबून बघत होते आणि मनात म्हणत होते, पासपोर्टचं ऑफिस काढलंय नुसतं.

मी माझ्या पद्धतीने काढले. कॅमेरा हातात, सेटिंग आपोआप. पोरांशी बोलत, हसवत, कुणाच्या जवळ जात, कुणापासून मागे सरत. मला ही मुलं जन्मापासून ठाऊक आहेत. कुणाची आई मासे विकते, कुणाची सुपारीची वाडी, कुणाचा बाप मुंबईत. आणि आमच्या धंद्यातली एक गोष्ट मला कुणी शिकवावी लागत नाही. फोटो काढून झाला की आई कानाशी येऊन म्हणते, "पोरीला जरा उजळ करा हां." न सांगताही मी ते करत आले आहे. स्थळासाठीचा फोटो असो की वाढदिवसाचा, आमच्याकडे चेहरा उजळल्याशिवाय फोटो दुकानाबाहेर जात नाही.

तेव्हा मी अ तुकडीचे फोटो कॉम्प्युटरवर घेऊन बसले आणि एकसारखं करायचं म्हणजे काय, ते आपल्या डोक्याने ठरवलं. सगळे चेहरे एकाच उजेडात आणले. सावळं पोर असलं की फोटोचा उजेड वर ओढायचा, गोरं असलं की जरा खाली. एकेक फोटो सुंदर झाला होता. आणि नेहमीच्या सवयीने प्रत्येक फोटो मूळ फोटोवरच सेव्ह करत गेले. मनाशी म्हटलं, आता बघू मॅडम काय करतात.

मुख्याध्यापिकांच्या टेबलावर लॅपटॉपवर दोन पानं शेजारी शेजारी उघडली. मुलगीही तिथे होती, पुस्तकाच्या समितीत होती म्हणून.

ब तुकडीच्या पानावर वर्ग बसला होता. मागे एकच राखाडी, डोकी एका मापाची, आणि चेहरे आपापल्या रंगाचे.

अ तुकडीच्या पानावर पडदाच वेगवेगळा झाला होता. फोटोचा उजेड वर ओढला की मागचा पडदाही उजळतो, हे एकेक फोटो करताना माझ्या लक्षातच आलं नव्हतं. गोऱ्या मुलांच्या मागे गडद राखाडी, सावळ्यांच्या मागे फिकट, आणि कोळीवाड्यातल्या पोरींच्या मागे पार पांढरंफटक. चेहऱ्यावरून जे पुसलं होतं ते मागे मोठ्या अक्षरात लिहिल्यासारखं दिसत होतं. कुणाकुणाला किती उजळलंय ते शाळेतलं लहान पोरही सांगू शकलं असतं.

मुख्याध्यापिकांनी लॅपटॉप जवळ ओढून अ तुकडीचं पान पुन्हा पाहिलं. जाऊ पटकन म्हणाली, "मॅम, अ‍ॅडजस्ट होईल. मूळ फोटोवरून बॅकग्राउंड मॅच करते मी." मग माझ्याकडे वळून हळूच, "ताई, ओरिजिनल आहेत ना?"

नव्हते. उजळताना पांढऱ्यात जे विरून गेलं होतं ते परत येणार नव्हतं.

तिने मला टोमणा मारला असता तर मला इतकं झोंबलं नसतं. ती नुसती म्हणाली, "मग परत काढू. माझंच सेटिंग ठेवू, ताई, फोटो तुम्ही काढा. अ तुकडीची मुलं तुमच्यासमोर हसतात." मला तिच्या चांगुलपणाचाही राग आला.

पुन्हा मुलं गणवेशात बोलावली. चिकटपट्टी तीच, कार्ड तेच, उजेड तोच. मी तिपाईमागे उभी राहून पोरांना हसवलं आणि बटणांना हात लावला नाही. पुस्तक छान झालं. मुख्याध्यापिकांनी पुढल्या वर्षीचं काम तिच्या नावे दिलं, आणि "तुम्ही मदतीला असालच" असं मला म्हणाल्या. मदतीला! मी हसले आणि घरी येऊन भांडी आपटली.

पण खरं लागलं ते पुढे. निकालानंतर मुलगी अलिबागला कॉलेजला निघाली. बॅग भरताना तिला होस्टेलच्या खोलीत लावायला स्वतःचा एक मोठा फोटो हवा होता. मी म्हटलं, वाढदिवसाचा काढते, दर वर्षी काढलेले आहेत, त्यातला निवड. ती म्हणाली, "नको, शाळेच्या पुस्तकातला दे. काकीने काढलेला."

छपाई अजून मीच करते. मी तो फोटो मशिनच्या पडद्यावर उघडला. सावळी, नाकावर घामाचा थेंब, काकीकडे बघून दात दाखवून हसणारी. माझ्याकडे बघून ती असं कधी हसलेली मला आठवेना. माझा हात आपोआप उजेडाच्या बटणाकडे गेला.

"आई," ती माझ्या मागे उभी होती, "त्याला हात नको लावूस. तुझ्या फोटोंत मी कुणीतरी दुसरीच असते."

मी हात मागे घेतला. फोटो बाहेर आला, अजून गरम होता. मी तो तिच्या हातात दिला आणि ती तो घेऊन काकीला दाखवायला धावली.