इमामचा दोर

इमामनं वळलेला दोर कधी तुटला नाही, असं शाहूपुरीच्या नव्या पेठेत सगळे म्हणायचे. मग एका सकाळी तो तुटला, आणि त्याचाच धाकटा भाऊ चमन विहिरीच्या तळाशी दगडाखाली सापडला. दोन्ही पाय गुडघ्यापासून गेले.

पेठ नुकतीच वसत होती, शाहू छत्रपतींच्या राज्याला पाच-सहा वर्षं झाली होती. विहिरीचं काम एका ठेकेदाराकडं होतं आणि त्याचा मुकादम होता बाळासो. काम सोपं होतं. वर मोठं चाक, त्यावरून एकच दोर, दोन टोकांना दोन पाट्या. बांधकामाचा चार मण दगड एकीकडून खाली जायचा, त्याच्या वजनानं दुसरीकडून तीन मण चिखल वर यायचा. थांबवायचं झालं की वरची माणसं दोर हातानं आवळून धरायची. लाकडाचं हलकं चाक दोराबरोबर मुकाट्यानं थांबायचं.

ते चाक कुरकुरतं म्हणून बाळासोनं एका मोडीतल्या घाण्याचं ओतीव लोखंडी चाक आणलं. आठ मणांचं, आणि सगळा भार काठावर. इमाम पहिल्याच दिवशी बोलला, "मुकादम, दोर धरून ह्ये थांबायचं न्हाय. चाकाच्या काठाला लाकूड लावून दाबा."

ऐकतो कोण! हाताची सवय जाता जात नाही. माणसं दोरच आवळत राहिली आणि चाक दोराखाली घरघरत फिरत राहिलं. महिनाभरात दोराची आतली बाजू करपली. पुढचं तुम्हाला सांगितलंच.

चमन घरी बाजेवर पडला. इमामशी तो एक शब्द बोलेना. "त्येनं दोर कच्चा वळला," एवढंच बायकोला, हाफिजाला म्हणाला. इमामला दुसरं काही नको होतं, भावानं तेवढं वाक्य परत घ्यावं, बस्स.

बाळासो पुस्तक वाचलेला माणूस. अर्धवट वाचलेला, हे मी, तिथलाच एक मजूर, रागानंच सांगतो. उरलेला दोर जोडून त्यानं दोन्ही टोकांना स्प्रिंगचे काटे लावले. "एका दोराला दोन्हीकडं ताण सारखाच पायजे. फरक पडला तर दोर एका अंगाला खोटा." पुस्तकातलं ते वाक्य बिनवजनाच्या चाकासाठी होतं, हे त्याच्या ध्यानात नव्हतं.

केरबा मिस्त्री खालचा काटा वाचायला विहिरीत उतरला. चाक धरून ठेवलं तेव्हा वरच्या, दगडाकडच्या काट्यावर चार मण, खालच्या, चिखलाकडच्या काट्यावर तीन. सोडल्याबरोबर चाक वेग घेऊ लागलं. दगडाकडचा काटा पावणेचारच्या जरा आत आला. खालून केरबा ओरडला, "सव्वातीनच्या आत!"

"बघितलंस? दोर खोटा," बाळासो म्हणाला.

"न्हाय की," इमाम हात जोडून म्हणाला. "येवढं जड चाक फिरवायला जोर लागतोय. त्यो दोराशिवाय कुठनं येनार? दगडाकडचा ताण पुढं वडतोय, चिखलाकडचा मागं. दोन्ही सारखं असतं तर चाकानं वेग कसा घेतला असता? दोर उलटा करून बघा."

दोराची टोकं बदलली. काटे तेच बोलले, ताण दगडाकडंच जास्त. मग केरबानं आपण होऊन जुनं लाकडी चाक चढवलं. दोन्ही काटे साडेतीनच्या किंचित खाली, जवळजवळ जोडीनं उभे राहिले. दोर तोच होता. बदललं होतं फक्त चाक.

बाळासोला कळलं. चेहरा उतरला त्याचा, मी स्वतः पाहिला, कारण काटे उतरवायला मीच होतो. पण चाक त्यानं आणलं होतं. त्यानं कागदावर लिहिलं, 'दोर सदोष', आणि आम्हा सगळ्यांचे अंगठे घेतले. केरबानं दिला. मीही दिला. त्याची लाज मला आजही वाटते.

इमाम तडक भावाच्या घरी गेला. चमनच्या बाजेशी बसून त्यानं सगळं सांगितलं. काटे, चाक, करपलेला दोर. जात्याची वरची तळी फिरवून दाखवली, "बघ, सुरू करायलाबी जोर, थांबवायलाबी जोर. मानसं दोर धरत हुती आनि चाक खाली घासत हुतं."

चमननं शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "मग केरबानं अंगठा कशाला दिला?"

इमामनं जातं परत कोपऱ्यात सरकवलं.

त्यानंतर पेठेत त्याचा दोर कुणी घेतला नाही. तो गुरांची दावी वळायचा, तीही पडून राहायची. विहीर पुरी झाली, नव्या दोरानं, त्याच लोखंडी चाकावर. काठाला लाकूड लावून थांबवायची सूचना मात्र बाळासोनं दुसऱ्याच दिवशी दिली होती.

ईदला इमाम शीरखुर्मा घेऊन भावाकडं गेला. चमन खाली जमिनीवर पोतं अंथरून पडला होता. बाज दाराबाहेर उभी केलेली होती, मोकळी. तिचा दोर इमामनं चमनच्या लग्नात वळून दिला होता. हाफिजानं तो सोडून, नीट गुंडाळून, उंबऱ्यावर ठेवला होता.

"घिऊन जावा," ती म्हणाली. "त्येस्नी त्येच्यावर झोप लागत न्हाय."